‘फी शून्य’ म्हणजे पैसे पूर्ण येतात का?

“मुलगा अमेरिकेतून पैसे पाठवतो. ज्या ॲपची फी शून्य, तेच सगळ्यात स्वस्त ना?”

नाही. ॲपची खरी कमाई बहुतेक वेळा दरात दडलेली असते. समजा, त्या क्षणी गुगलवर डॉलर 85 रुपये दिसतोय. बिनफीचं ॲप 83.70 दर देतं, म्हणजे 1000 डॉलरचे 83,700 रुपये. दुसरं 6 डॉलर फी कापतं, पण 84.90 दर देतं. 994 डॉलरचे 84,390 रुपये होतात. फी भरूनही 690 रुपये जास्त. म्हणून मुलाला फी विचारू नका, “हातात नेमके किती रुपये पडतील?” एवढंच विचारा, आणि दोन्ही ॲपवर एकाच वेळी बघायला सांगा. पहिल्या व्यवहाराचा खास दर पुढच्या वेळी मिळेलच असं नाही.

आता इकडची बाजू. धरमपेठेतल्या आमच्या काकूंच्या पासबुकात मोठ्या रकमेखाली 151 रुपयांची वेगळी वजावट होती. पैसे स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून डॉलरमध्ये आले होते आणि इथल्या बँकेने स्वतःच्या दराने ते रुपयांत बदलले. अशा बदलावर जीएसटी लागतो. एक लाखापर्यंत रकमेचा एक टक्का हे सेवेचं मूल्य धरतात आणि त्यावर 18 टक्के, किमान 45 रुपये. वाटेतली मध्यस्थ बँकही काही डॉलर कापू शकते. मग पाठवलेले आणि पोहोचलेले डॉलर जुळत नाहीत. बँकेच्या सूचनापत्रावर ते तपासा. रक्कम तिकडेच रुपयांत बदलून एनईएफटी किंवा आयएमपीएसने आली, तर इथे बदलायला काही उरतच नाही.