पाठ टाचणातली उद्दिष्टं: कुठलं वाक्य चालतं, सोबत काय लागतं

टाचण तपासायला दिलं की सगळ्यात जास्त परत येतो तो उद्दिष्टांचा रकाना, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं, की "अपूर्णांकांची ओळख करून देणे", "गणिताची आवड निर्माण करणे" असं लिहिलेलं असतं. ओळख करून देणार शिक्षक, मग मुलाला काय आलं ते तपासायचं कशावरून?

उद्दिष्ट म्हणून तेच वाक्य पात्र, ज्यात मूल काहीतरी करताना दिसतं, कशाच्या आधारे करतं ते कळतं आणि किती जमलं म्हणजे आलं हेही ठरलेलं असतं. "समजतो", "जाणतो" ही क्रियापदं इथे चालत नाहीत, "सांगतो", "तुलना करतो", "कारण लिहितो" चालतात. आवड वगैरे एका तासात मोजता येत नाही, ते घटक नियोजनात टाका.

लिहायला बसताना पाठ्यपुस्तकातलं ते पान, इयत्तेच्या अध्ययन निष्पत्ती आणि मुलांच्या जुन्या वह्या जवळ घ्या. वह्या खरंच बघा, कारण चूक तिथेच सापडते. काही मुलं 2/3 आणि 3/4 सारखेच म्हणतात, का तर दोन्हीत पूर्ण व्हायला एकच भाग कमी आहे, आणि तो एक भाग दोन्हीकडे वेगवेगळ्या मापाचा आहे हे त्यांच्या लक्षातच आलेलं नसतं.

मग पाचवीच्या तासाचं उद्दिष्ट असं होईल: "वेगवेगळ्या छेदांच्या अपूर्णांकांच्या 5 जोड्या दिल्यावर विद्यार्थी किमान 4 जोड्यांत मोठा अपूर्णांक ओळखतो आणि त्यातल्या 2 जोड्यांचं कारण लिहितो." कारण मागायचंच, नुसतं लहान-मोठं विचारलं तर अंदाजानेही निम्मी उत्तरं बरोबर येऊ शकतात.

आता कृती. मुलांच्या प्रत्येक जोडीला 12 सेंमीच्या दोन कागदी पट्ट्या द्या, एकीचे 3 समान भाग, दुसरीचे 4. पहिलीचे 2 भाग रंगवले की 8 सेंमी होतात, दुसरीचे 3 रंगवले की 9 सेंमी, म्हणजे कोण मोठा ते पट्ट्या शेजारी ठेवल्या की दिसतं. मग तेच समच्छेद करून वहीत, 8/12 आणि 9/12, आणि शेजारी एका ओळीत कारण. ही ओळ बरेच जण गाळतात आणि तिथेच गडबड होते, उद्दिष्टात कारण लिहायचंय पण तासभर मुलांनी फक्त रंगवलं असं होतं.

देण्याआधी उद्दिष्ट, कृती आणि मूल्यमापनाचा प्रश्न या तिन्हीतल्या क्रियापदांखाली पेन्सिलने रेघ मारा. मूल्यमापनात "समच्छेद म्हणजे काय ते सांगा" असं निघालं तर तो व्याख्या पाठ आहे का एवढंच तपासतो, या उद्दिष्टाला लागू होत नाही, त्याऐवजी "3/5 आणि 5/7 यांत मोठा कोणता, कारण लिहा" असं काहीतरी घाला.