गुठळ्या होतात, म्हणूनच रक्त थांबत नाही

शरीरभर रक्तस्राव सुरू झाला की ‘रक्त पातळ झालं’ असं म्हटलं जातं. डीआयसी, म्हणजे ‘डिसेमिनेटेड इन्ट्राव्हॅस्क्युलर कोॲग्युलेशन’, या अवस्थेत मात्र सुरुवात नेमकी उलटी असते: रक्त आधी नको तिथे गोठतं.

समजा, आठव्या महिन्यातल्या गर्भवतीची वार प्रसूतीआधीच गर्भाशयापासून सुटली. पोट दगडासारखं कडक, पण बाहेर रक्तस्राव थोडाच. वारेत ‘टिश्यू फॅक्टर’ नावाचं प्रथिन भरपूर असतं. एरवी ते रक्तप्रवाहापासून दूर असतं. आता ते आईच्या रक्तात शिरतं आणि ठिकठिकाणी थ्रॉम्बिन तयार होऊ लागतं. थ्रॉम्बिन म्हणजे रक्तातल्या फायब्रिनोजेन या प्रथिनाचे टोकाचे तुकडे कापणारं विकर. कापलेले रेणू एकमेकांना चिकटून फायब्रिनचे धागे बनतात, त्यांत प्लेटलेट्स अडकतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात. मूत्रपिंडाचं काम मंदावतं ते यामुळेही.

गोठण्याचं हे सामान रक्तात मोजकंच असतं. यकृत नवे घटक बनवतं, पण एवढ्या झपाट्याने संपणारा साठा भरून काढणं त्याला जमत नाही. त्यातच शरीर गुठळ्या विरघळवण्यासाठी प्लाझ्मिन सोडतं. प्लाझ्मिन फायब्रिनचे तुकडे करतं आणि हे तुकडे नवे धागे जुळण्यात अडथळा आणतात, प्लेटलेट्सचं कामही बिघडवतात. म्हणून सुई टोचलेल्या जागेतूनसुद्धा रक्त झिरपत राहतं.

आता या बाईचे रिपोर्ट पाहू. प्लेटलेट्स २ लाख १० हजारांवरून ९० हजारांवर आल्या. रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या चाचण्यांपैकी पीटी १३ सेकंदांवरून २० वर गेला, एपीटीटीही लांबला, कारण दोन्ही चाचण्यांना लागणारे घटक खर्च झाले. डी-डायमर खूप वाढला. तो विरघळलेल्या फायब्रिनचाच अवशेष. कोविडनंतर हा आकडा घराघरात पोचला, पण गरोदरपणात तो एरवीही वाढलेला असतो. एकट्या डी-डायमरवरून डीआयसी ठरवणं चूक आहे.

माझ्या मते इथे सगळ्यात बोलका आकडा फायब्रिनोजेनचा. पहिल्या रिपोर्टमध्ये तो २१० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर होता. प्रयोगशाळेची नेहमीची मर्यादा साधारण २०० ते ४००, म्हणून त्यापुढे ‘नॉर्मल’ छापून आलं. पण गरोदरपणाच्या शेवटी तो बहुधा ४०० ते ६०० असतो. म्हणजे जवळपास निम्मा साठा तेव्हाच संपला होता! दोन तासांनी तो ९० वर आला. इथे एका रिपोर्टपेक्षा आकड्यांची दिशा महत्त्वाची; तपासण्या काही तासांनी पुन्हा कराव्या लागतात.

प्लाझ्मा, फायब्रिनोजेनने समृद्ध क्रायोप्रेसिपिटेट आणि गरजेनुसार प्लेटलेट्स देऊन वेळ मिळतो. पण वार आत असेपर्यंत टिश्यू फॅक्टर रक्तात येतच राहतो, म्हणून खरा उपाय प्रसूती. त्यानंतर गोठण्याचे घटक बहुधा लवकर सावरतात. प्लेटलेट्सना मात्र काही दिवस लागतात.