थप्पीतलं पोतं आणि वहीतला भाव

डिचोली-सत्तरीकडच्या कुठल्याही काजू कारखान्याच्या गोदामात नव्या पोत्यांची थप्पी दाराशी असते आणि जुनी मागे, भिंतीला लागून. भट्टीसाठी बिया काढायला गेलेला माणूस दाराजवळचंच पोतं उचलतो. स्टोअरकीपर ओरडतो, "अरे, मागची काढ आधी, बुरशी धरेल!" त्याचं बरोबरच आहे. पण कुठलं पोतं भट्टीवर गेलं आणि वहीत ते कुठल्या भावाने गेलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला गोदामाचा, दुसरा हिशेबाचा. मला बोलायचंय ते दुसऱ्याबद्दल.

आपल्याकडे काजूचा हंगाम साधारण मार्च ते मे आणि हिशेबाचं वर्ष संपतं ३१ मार्चला, म्हणजे खरेदी ऐन रंगात आलेली असताना. त्या दिवशी गोदामात जे पडून आहे त्याची किंमत काय धरायची, यावर त्या वर्षाचा नफा बराच हलतो.

एक सोपा महिना घेऊ. आकडे उदाहरणापुरते आहेत आणि वजन बिया उन्हात वाळवल्यानंतरचं आहे. ओल्या बियांचं वजन वहीत धरलं तर घट नंतर कुठे दाखवायची हा घोळ होतो आणि खाली जे सांगतोय ते सगळं फसतं. तर १ मार्चला मागच्या हंगामातल्या २०० किलो बिया शिल्लक, १२० रुपये किलोच्या. १० तारखेला ३०० किलो आल्या, १३० ने. १५ ला मागणी चिठ्ठीवर २५० किलो भट्टीकडे गेल्या. २२ ला आणखी २५० किलो आल्या, आता भाव १५०. २८ ला ३०० किलो गेल्या. ३१ ला गोदामात २०० किलो उरल्या. महिनाभरात हाताशी आलेला माल ७५० किलोंचा, एकूण १,००,५०० रुपयांचा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो उपयोगी पडेल.

पहिली रीत फिफो, म्हणजे जे आधी आलं त्याचा भाव आधी बाहेर. १५ तारखेच्या २५० किलोंत आधी जुने २०० किलो १२० ने आणि मग ५० किलो १३० ने गेले, मिळून ३०,५०० रुपये. २८ ला १३० वाले उरलेले २५० आणि १५० वाले ५० गेले, म्हणजे ४०,०००. शेवटी उरलेल्या २०० किलो सगळ्या १५० च्या, म्हणून शिल्लक मालाची किंमत ३०,००० रुपये.

लिफोमध्ये हेच उलटं. शेवटी आलेला भाव आधी बाहेर जातो. १५ ला २५० किलो १३० ने गेल्या, ३२,५००. २८ ला १५० वाल्या २५० आणि मागून राहिलेल्या १३० वाल्या ५०, मिळून ४४,०००. उरलं काय? १२० रुपयांच्या त्याच जुन्या २०० किलो. शिल्लक २४,०००.

भारित सरासरीत दर खरेदीनंतर नवा भाव निघतो. १० तारखेला एकूण ५०० किलो, ६३,००० रुपयांच्या, म्हणून भाव १२६. त्या भावाने २५० किलो गेल्या, ३१,५००. २२ ला हाताशी पुन्हा ५०० किलो, आता ६९,००० च्या, भाव १३८. त्याने ३०० किलो गेल्या, ४१,४००. शिल्लक २७,६००, फिफो आणि लिफोच्या मधोमध कुठेतरी.

‘भारित’ हा शब्द पुष्कळजण वाचून विसरतात. १२० आणि १३० ची साधी सरासरी १२५ येते आणि घाईत तीच लावली जाते. मग २५० किलो ३१,२५० ने गेल्या आणि उरलेल्या २५० किलोही १२५ नेच धरल्या, तर बेरीज ६२,५०० होते. माल मात्र ६३,००० चा होता. ५०० रुपये कुठेच सापडत नाहीत. चूक पकडायची सोपी खूण हीच: बाहेर गेलेल्याची आणि शिल्लक असलेल्याची किंमत मिळून मालाच्या एकूण किमतीएवढीच झाली पाहिजे. आपल्या महिन्यात तिन्ही रीतींनी ती बरोबर १,००,५०० येते. करून पाहा.

आता त्यातला अर्थ. तिन्ही वेळा बिया त्याच, पैसे तेच, ते फक्त दोन कप्प्यांत वेगळे वाटले गेले. भाव चढत असताना फिफो जुने, स्वस्त भाव खर्चात ढकलतो आणि ताजे, महाग भाव शिल्लक मालावर ठेवतो. खर्च कमी, शिल्लक जास्त, नफा जास्त दिसतो. लिफोत नफा ६,००० ने कमी दिसतो. भाव उतरत असले की हेच चित्र पालटतं.

मालकाला मात्र ताळेबंदापेक्षा वेगळाच प्रश्न पडतो: गराचा भाव काय सांगू? सोलून निघणारा गर बियांच्या साधारण चौथा भाग असतो. २८ तारखेच्या ३०० किलोंतून समजा ७५ किलो गर निघाला. नुसता कच्च्या मालाचा खर्च फिफोने किलोला ५३३ रुपये पडतो, सरासरीने ५५२, लिफोने ५८७. पण तेवढाच माल आज १५० ने पुन्हा भरायचा तर ६०० लागतील. वहीतल्या ५३३ वर भट्टी आणि सोलणीची मजुरी चढवून गिऱ्हाइकाला भाव सांगितला, तर दिसणाऱ्या नफ्यातला एक तुकडा पुढच्या पोत्यांतच परत जातो. लिफो आजच्या भावाच्या सर्वांत जवळ जातो, आणि त्याची बाजू घेणारे नेमकं हेच बोट दाखवतात. माझ्या मते भाव सांगताना चालू खरेदीचा भाव वेगळ्या कागदावर मांडावा. त्यासाठी हिशेबाची रीत बदलायची गरज नाही.

आणि बदलून लिफोकडे जाताही येत नाही. भारतात शिल्लक मालाची किंमत कशी धरायची हे ठरवणारी दोन मानकं, लेखा मानक २ आणि इंड एएस २, दोन्ही अशा मालासाठी फिफो किंवा भारित सरासरीच मान्य करतात. आंतरराष्ट्रीय मानकाने २००३ च्या सुधारणेत लिफो काढून टाकला, तो बदल २००५ पासून लागू झाला. अमेरिकेत तो अजून चालतो. तिथल्या कंपन्यांना तो का आवडतो, हे त्या कमी दिसणाऱ्या ६,००० वरून कळतं: नफा कमी, म्हणून करही कमी. पण तिथेही अट आहे की करासाठी लिफो घेतला तर भागधारकांना नफा दाखवतानाही तोच घ्यायचा.

लिफोची खरी अडचण ताळेबंदात दिसते. आपल्या उदाहरणात ३१ मार्चला बाजारात भाव १५० आहे आणि वहीत २०० किलो बिया १२० ने बसल्यात. माल दर वर्षी फिरत राहिला, पण गोदाम कधीच रिकामं झालं नाही, तर तो १२० चा थर वर्षानुवर्षं तळाशी तसाच राहतो. मग एखाद्या पावसाळ्यात खरेदी बंद असताना त्या थराला हात लागतो, जुना स्वस्त भाव खर्चात येतो आणि नफा अचानक फुगतो. व्यापार तेवढाच असतो, फक्त तळ खरवडला गेलेला असतो.

गोदाम पूर्ण रिकामं झालं की तिन्ही रीतींचा आजवरचा एकूण नफा एकच येतो. ते ६,००० रुपये लिफोवाल्याला मिळतातच, फक्त उशिरा. म्हणून पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत शेवटचं पोतं संपवणाऱ्या छोट्या कारखान्याला फारसा फरक जाणवत नाही. जाणवतो तो मार्चअखेर गोदाम भरून ठेवणाऱ्याला.