हृदयाकृती चेहऱ्यासाठी लेयर आणि केसांची लांबी

रुंद कपाळ, ठळक गालांची हाडे आणि तिथून झपाट्याने निमुळता होत टोकदार हनुवटीत संपणारा जबडा असेल, तर त्या चेहऱ्याला हृदयाकृती म्हणतात. अशा चेहऱ्यासाठी केस कापताना केसांचा भरगच्चपणा कपाळाच्या दोन्ही बाजूंना कमी आणि जबड्याच्या दोन्ही बाजूंना जास्त राहील, असे पाहिले जाते. हनुवटीचे हाड बदलत नसले, तरी तिच्या शेजारची मोकळी जागा केसांनी भरली की तिचे टोक कमी जाणवते. या कापणीत एकूण लांबीपेक्षा सर्वांत आखूड लेयर, म्हणजे वेगवेगळ्या लांबीत कापलेल्या केसांचा सर्वांत वरचा थर, चेहऱ्याच्या कोणत्या उंचीवर सुरू होतो, याला जास्त महत्त्व आहे.

लांबीच्या बाबतीत गळ्याखालच्या आडव्या हाडापासून चार-पाच सेंटिमीटर खालपर्यंतचा टप्पा सर्वांत सोयीचा ठरतो. कमरेपर्यंतचे सरळ केस मधोमध भांग पाडून सोडले, तर चेहऱ्याच्या दोन बाजूंना दोन उभ्या रेषा तयार होतात आणि त्यांच्यामध्ये हनुवटी अधिकच लांब व टोकदार दिसते. याउलट सरळ, पातळ केसांचा बॉब नेमका हनुवटीच्या टोकाशी थांबला, तर त्याची कड त्या टोकाकडेच नजर नेते. त्याच लांबीचा बॉब लाटदार, भरदार केसांवर मात्र चांगला दिसतो, कारण तिथे केस जबड्यापासून बाहेर फुलतात.

सर्वांत आखूड लेयर ओठ आणि हनुवटी यांच्या दरम्यान किंवा हनुवटीच्या किंचित खाली बसावा. तो गालाच्या हाडाजवळ सुरू झाला, तर चेहरा आधीच रुंद असलेल्या ठिकाणी केस फुगतात आणि खालचा भाग आणखी बारीक वाटतो. कापताना केसांची बट डोक्यापासून किती वर उचलली जाते, यावरही बरेच अवलंबून असते. बट फारशी न उचलता कापल्यास केसांचे वजन खाली टिकते, तर उंच उचलून कापल्यास आखूड केस टाळूजवळ जमतात. म्हणून या चेहऱ्यासाठी वरच्या भागात उंच, आखूड लेयर टाळणे बरे.

उदाहरणादाखल मध्यम दाटीचे, सरळ आणि कमरेपर्यंतचे केस घेऊ. प्रथम ओल्या केसांची मागची लांबी गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या पातळीखाली सुमारे पाच सेंटिमीटरवर कापून पक्की केली जाते. नंतर भांगापासून कानाच्या पुढच्या कडेपर्यंतचा भाग वेगळा घेऊन, तो पुढे चेहऱ्याकडे विंचरून, न उचलता हनुवटीच्या सुमारे दोन सेंटिमीटर खाली कापतात. ही जास्तीची लांबी मुद्दाम ठेवलेली असते, कारण केस वाळल्यावर वर जातात आणि गालावरून वळताना आणखी आखडतात. पुढच्या बटा याच मापाला जुळवत मागच्या लांबीकडे उतरत्या नेल्या जातात. वाळवताना गोल ब्रशने टोके जबड्यापाशी वळवली आणि भांग एका बाजूला घेतला, की कपाळाचा एक कोपरा झाकला जातो. कपाळासाठी फ्रिंज हवी असल्यास ती तिरकी किंवा मधून दुभंगलेली असावी. भुवयांवर सरळ कापलेली दाट फ्रिंज कपाळावर आडवी रेषा आखते आणि खालची हनुवटी त्या मानाने आणखी लहान दिसते.

कापणी जमली की नाही, हे केस पूर्ण वाळल्यावरच तपासावे. आरशात समोरून पाहताना केसांची बाह्यरेषा ओठांपासून हनुवटीच्या थोड्या खालपर्यंतच्या पट्ट्यात सर्वांत रुंद दिसली पाहिजे. ती कानांच्या उंचीवर रुंद असेल, तर लेयर फार वर सुरू झाला आहे असे समजावे. त्याची दुरुस्ती आणखी कापून होत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे चार सेंटिमीटर खाली सरकायला चार महिने लागतात. तोवर टाळूवर फुगवा न देणे आणि बाजूचा भांग ठेवणे एवढेच करता येते.

विरळ केसांना फार लेयर दिले, तर टोके इतकी झिरझिरीत होतात की जबड्यापाशी भरण्याइतके केसच उरत नाहीत. तिथे चेहऱ्याभोवतीच्या एक-दोन बटा सोडून बाकीची कड सरळच ठेवावी. दाट केसांतले वजन पातळ करण्याच्या कात्रीने कमी करायचे झाल्यास ते कानांच्या पातळीवर, आतल्या थरातून करावे. जबड्याजवळचे केस तसेच राहू द्यावे. कुरळे केस वाळताना कित्येक सेंटिमीटर आखडू शकतात, आणि तेही प्रत्येक बटेत वेगवेगळ्या प्रमाणात, म्हणून ते कोरडेच, एकेक बट तिच्या नैसर्गिक वळणात पाहून कापणे श्रेयस्कर.

रोज वेणी किंवा अंबाडा घालणाऱ्या स्त्रीसाठी हा विचार थोडा बदलतो. केस मागे बांधले की लेयरचा परिणाम जातो आणि हनुवटीपर्यंतच्या पुढच्या बटा वेणीतून सुटतात. त्या सुटलेल्या बटाच जबड्याशेजारी राहतात, म्हणून त्या बांधायच्या नाहीत असे ठरवून कापल्या, तर बांधलेल्या केसांतही काहीसा उपयोग होतो. त्या तशा नको असतील, तर पहिला लेयर खांद्याखाली ठेवावा. मात्र केस मोकळे सोडल्यावर हनुवटीला मिळणारा आधार त्यात बराच कमी असतो.