क्लॉक फक्त १ मेगाहर्ट्झचा, तरी बोर्ड का चुकतो?
(पीसीबी लेआउट आणि असेंब्लीसाठी येणाऱ्या ग्राहकांसाठी)

बोर्ड परत आणून देताना ग्राहक बहुतेक वेळा एकच सांगतात: "क्लॉक तर अगदी हळू आहे, १ मेगाहर्ट्झ. तो १०० किलोहर्ट्झवर आणून पाहिला, तरी तीच चूक." या प्रयोगात दोन-तीन दिवस सहज जातात. फर्मवेअर पुन्हा पुन्हा तपासलं जातं, चिप बदलून पाहिल्या जातात. दोष मात्र क्लॉकच्या वेगात नसतो. तो त्याच्या एजमध्ये, म्हणजे सिग्नल शून्यावरून ३.३ व्होल्टवर किती झटकन चढतो यात असतो.

आमच्याकडे वारंवार येणारं एक उदाहरण घेऊ. कंट्रोलरपासून २० सेंटीमीटरवर शिफ्ट रजिस्टर आहे आणि मध्ये 74HC244 बफर आहे. बोर्ड कित्येक वर्षं बिनतक्रार चालतो. मग HC मिळत नाही म्हणून त्या जागी 74LVC244 बसवला जातो. पिना त्याच, व्होल्टेज तेच, क्लॉक तोच. तरी अधूनमधून सगळा डेटा एका बिटने सरकतो. एका बिटने सरकणं ही मोठी खूण आहे: रजिस्टरने एका क्लॉकच्या जागी दोन मोजले.

ट्रेसवर सिग्नल साधारण ६ नॅनोसेकंदांत एक मीटर जातो, म्हणजे २० सेंटीमीटरला १.२ नॅनोसेकंद आणि जाऊन परत यायला २.४. जुन्या HC बफरची एज या ३.३ व्होल्टवर सुमारे १० नॅनोसेकंदांची. सिग्नल चढत असतानाच ट्रेसच्या टोकावरून उलटून येणारी लाट, म्हणजे परावर्तन, चार वेळा येऊन जातं आणि त्या चढणीतच विरून जातं. शिवाय HC चा अंतर्गत रोधही जास्त असतो, तो परावर्तन दाबायला मदत करतो. LVC ची एज मात्र १ ते २ नॅनोसेकंदांची. पहिलं परावर्तन परत येईपर्यंत तिची चढण संपलेलीच असते.

आता आकडे पाहू. ड्रायव्हरचा अंतर्गत रोध १५ ओहम, ट्रेसचा इम्पीडन्स ६० ओहम धरा. ट्रेसवर ३.३ चे चार पंचमांश, म्हणजे २.६४ व्होल्ट निघतात. रिसीव्हरची इनपुट जवळजवळ उघड्या टोकासारखी असल्याने तिथे ते दुप्पट होऊन ५.२८ होतात. परत आलेली लाट ड्रायव्हरवर उलटी होऊन पुन्हा रिसीव्हरकडे येते आणि तिथलं व्होल्टेज २.११ वर उतरतं. मग ४.०१, मग २.८७, असं हेलकावत ते ३.३ वर स्थिरावतं. प्रत्यक्षात इनपुटमधले डायोड आणि ट्रेसमधला ऱ्हास ही टोकं थोडी बोथट करतात. पण सीमॉस इनपुटला 'हाय' म्हणण्याची खात्री पुरवठ्याच्या सत्तर टक्क्यांपासून, इथे २.३१ व्होल्टपासून. २.११ त्याच्या खाली आहे. खात्री संपली की थोडा ग्राउंड नॉइज मिळाला तरी ती घसरण दुसरी एज म्हणून मोजली जाऊ शकते.

या हेलकाव्याचं, म्हणजे रिंगिंगचं, एक आवर्तन चार एकेरी फेऱ्यांचं, म्हणजे ४.८ नॅनोसेकंदांचं, साधारण २०० मेगाहर्ट्झचं. हा आकडा ट्रेसच्या लांबीतून आला, क्लॉकच्या फ्रिक्वेन्सीतून नाही. म्हणून १०० किलोहर्ट्झवरही तोच हेलकावा, तेवढाच मोठा दिसतो. फक्त दर सेकंदाला कमी वेळा. रिंगिंग क्लॉकमुळे आहे की एजमुळे, हे ओळखायला हीच चाचणी पुरते.

मग क्लॉक कमी केल्यावर काही बोर्ड सुधारतात, ते का? तिथे त्रास डेटा लाइनवर असतो. डेटा वाचण्याआधी रिंगिंग शांत व्हायला हळू क्लॉकमुळे वेळ मिळतो. क्लॉक लाइनवर ही सवलत नाही, कारण तिथे प्रत्येक ओलांडणी मोजली जाते. हा फरक लक्षात घेतला तर दोन-तीन दिवस वाचतात.

हार्मोनिकच्या भाषेतही हेच दिसतं. १ मेगाहर्ट्झच्या चौकोनी लहरीत ३, ५, ७ मेगाहर्ट्झ असे विषम हार्मोनिक असतात. एजला चढायला लागणारा वेळ, म्हणजे राइज टाइम t_r, ठरवतो ते कुठपर्यंत जोरात राहतात. त्यांचा जोर 1/(π·t_r) च्या पुढे दुप्पट उताराने घसरतो. १० नॅनोसेकंदांच्या एजला ही सीमा सुमारे ३२ मेगाहर्ट्झ, १ नॅनोसेकंदाच्या एजला ३१८. आपला ट्रेस २०० मेगाहर्ट्झला झंकारतो. त्याला तिथली ऊर्जा LVC देतो, HC फारशी देत नाही. रेडिएशनच्या चाचणीत मात्र क्लॉकची फ्रिक्वेन्सीही विचारात घ्यावी लागते, कारण दर सेकंदाला जितक्या एज जास्त, तितकी उत्सर्जित ऊर्जा जास्त.

क्रॉसटॉकचं गणित लहान आहे. शेजारच्या ट्रेसशी १ पिकोफॅरडची कपॅसिटन्स असेल, तर १ नॅनोसेकंदात ३.३ व्होल्ट चढताना ३.३ मिलिअँपिअर तिकडे शिरतो. १० नॅनोसेकंदांत चढला तर ०.३३. या हिशेबात क्लॉकची फ्रिक्वेन्सी येतच नाही.

उपाय स्वस्त आहे: ड्रायव्हरच्या पिनला लागून एक सिरीज रेझिस्टर. वरच्या उदाहरणात ४७ ओहम लावले की १५ आणि ४७ मिळून ६२ होतात, ट्रेसशी जुळतात आणि रिसीव्हरला एकाच पायरीत ३.३ व्होल्ट मिळतात. रेझिस्टर रिसीव्हरजवळ ठेवला तर हा फायदा मिळत नाही. एसटीएम३२ थेट ट्रेस चालवत असेल तर आधी ही ओळ बघा. पिनची एज इथे ठरते आणि ती अनेकदा विनाकारण सर्वात वेगवान ठेवलेली असते:

```c
GPIO_InitStruct.Speed = GPIO_SPEED_FREQ_MEDIUM;
```

घाईत क्लॉकला १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावू नका. ४७ ओहमसोबत तो एज १०० नॅनोसेकंदांच्या पुढे नेतो, आणि अनेक LVC चिपच्या डेटाशीटमध्ये इनपुटची मर्यादा १० नॅनोसेकंद प्रति व्होल्ट, म्हणजे इथे ३३ नॅनोसेकंद असते. अतिसंथ एजवरही इनपुट दोनदा मोजू शकते.

मोजतानाही जपा. प्रोबची १५ सेंटीमीटरची ग्राउंड वायर आणि प्रोबचे १० पिकोफॅरड मिळून स्वतःच सुमारे १३० मेगाहर्ट्झला झंकारतात. ती वायर काढून टोकाशी ग्राउंड स्प्रिंग लावा. हेलकावा नाहीसा झाला तर तो प्रोबचा होता. आणि १०० मेगाहर्ट्झचा स्कोप ३.५ नॅनोसेकंदांपेक्षा वेगवान एज दाखवूच शकत नाही.

आमच्या लेआउटमध्ये प्रत्येक क्लॉक लाइनला ड्रायव्हरजवळ रेझिस्टरची जागा ठेवलेली असते, गरज नसेल तिथे शून्य ओहम बसवतो. काही ग्राहक खर्च वाचवायला ती काढायला सांगतात. आम्ही ती ठेवण्याचा आग्रह धरतो, कारण तो भाग काही पैशांचा असतो आणि जागाच नसेल तर ट्रेस कापून दुरुस्ती करावी लागते. पार्ट बदलून मिळणार असेल तर ऑर्डर देण्याआधी नवा नंबर आम्हाला कळवा; एजची तपासणी लेआउटच्या दरातच धरलेली आहे. जुना बोर्ड चुकत असेल तर बोर्डासोबत मूळ आणि बदललेल्या दोन्ही पार्टचे नंबर पाठवा. ग्राउंड स्प्रिंग लावून क्लॉकचं मोजमाप करून देतो, आणि रेझिस्टर किती ओहमचा हवा ते त्या बोर्डावरच ठरवतो.