व्यायामशाळा बंद पडली, हप्ता का चालूच?

आमच्या डिचोलीच्या दुकानात आठवड्यातून दोनदा तरी हाच प्रश्न येतो, म्हणून हे लिहून ठेवतो.

चवथीच्या आधी म्हापशाहून एक बाई आल्या. त्यांची व्यायामशाळा मे महिन्यात बंद पडली, पण पासबुकात दर पाच तारखेला १,२०० रुपये कापले जातच होते. जूनमध्ये त्यांनी व्यायामशाळेचं अॅप फोनवरून काढून टाकलं. जुलैतही पैसे गेले. वैतागून ऑगस्टमध्ये त्यांनी खातंच रिकामं ठेवलं. हप्ता परत गेला आणि बँकेने त्यावर वेगळा दंड लावला.

चूक इथेच होते. पैसे अॅप कापत नाही. तुम्ही नोंदणीच्या वेळी बँकेला दिलेली परवानगी, म्हणजे मॅंडेट, कापते. व्यायामशाळेला कुलूप लागलं तरी ती मुदतीपर्यंत जिवंत असते.

आधी स्टेटमेंट बघा. व्यवहारापुढे NACH किंवा ACH असेल, तर परवानगी बँकेत आहे. नेटबँकिंगमधून किंवा शाखेत अर्ज देऊन ती रद्द होते. मॅंडेटचा UMRN क्रमांक अर्जात लिहा आणि पोच घ्या. UPI असेल, तर ज्या अॅपमधून मंजुरी दिली त्यातच Autopay किंवा Mandates मध्ये जाऊन पिन टाकून रद्द करा. नाव ओळखीचं नसलं तरी घाबरू नका. मधल्या पेमेंट कंपनीचं असू शकतं.

पण नाव एखाद्या फायनान्स कंपनीचं असेल, तर थांबा! वर्षाची फी म्हणून तुमच्या नावावर कर्ज काढलेलं असू शकतं. मॅंडेट रद्द केल्याने ते फिटत नाही, उलट सिबिल बिघडतं. आधी कंपनीला लेखी कळवा.

गेलेल्या पैशांचं सांगायचं तर, रद्द केल्यानंतर कापलेल्या रकमेबद्दल बँकेकडे ठामपणे मागणी करता येते. पोच हवी ती त्यासाठीच. आधीच्या रकमेला बँक म्हणते, परवानगी तुमचीच होती. तिथे कुलपाचा फोटो, बंद झाल्याचा संदेश जोडून मालकाकडे मागणी करावी लागते. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन मदत करते. बँकेने ३० दिवसांत समाधान केलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट होते. त्या बाईंना २,४०० पैकी १,२०० मिळाले, बाकीचे अजून यायचेत.

हे सगळं घरी बसून फुकट करता येतं. आम्ही अर्ज, पुरावे आणि तक्रार नीट मांडायचे १०० रुपये घेतो. पिन किंवा ओटीपी आम्ही घेत नाही. तुमचा फोन तुमच्याच हातात राहतो. म्हणून मुलाला नुसतं पासबुक देऊन पाठवू नका, स्वतः या, गेल्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट घेऊन. आणि बंद कंपनीचा "कस्टमर केअर" नंबर नेटवर शोधू नका. तिथे बहुधा ठगच फोन उचलतो.