तिजोरीतलं सोनं आणि सोन्याला बांधलेला रुपया

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमच्या ओळखीच्या एका अण्णांचा टॉवेलचा कारखाना आहे. रिझर्व्ह बँकेने ब्रिटनमध्ये ठेवलेलं 100 टन सोनं देशात आणल्याची बातमी 2024 मध्ये आली, तेव्हा ते मोठ्या समाधानाने म्हणाले, "आता रुपया सोन्यावर आला बघा. आता महागाईला लगाम बसेल." तेव्हापासून हाच समज मी अनेकांच्या तोंडून ऐकलाय. चांगले शिकलेले लोकही सोन्याचा साठा आणि सुवर्ण परिमाण यांत गल्लत करतात. दोन्हींत सोनं आहे, पण त्या सोन्याचं काम अगदी निराळं आहे.

साठा म्हणजे घरातलं सोनं. आई पाटल्या कपाटात ठेवते आणि अडचण आली की गहाण टाकते, तसं. 1991 मध्ये देशाकडे जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं. तेव्हा रिझर्व्ह बँकेने सुमारे 47 टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवून डॉलर उचलले, आणि नंतर ते सोडवलंही. आज बँकेकडे सुमारे 880 टन सोनं आहे, पण किती नोटा छापायच्या हे त्या वजनावर ठरत नाही. कायद्याने फक्त एक किमान रक्कम सांगितली आहे: सोनं आणि परकीय रोखे मिळून 200 कोटी रुपये, त्यात सोनं किमान 115 कोटींचं. हा नियम 1957 चा आहे आणि आजच्या नोटांच्या मानाने ही रक्कम नगण्य आहे.

सुवर्ण परिमाणात नोट म्हणजे सोन्याची पावती असते. सरकार एक भाव कायमचा ठरवून देतं आणि त्या भावाने कुणीही नोट घेऊन आला की सोनं मोजून द्यायला बांधलेलं असतं. अमेरिकेत हा भाव अनेक दशकं एका औंसाला 20.67 डॉलर होता. सोनं तिजोरीतून गेलं की तेवढा पैसा बाजारातून कमी होतो, आलं की वाढतो. तेव्हा बातमी वाचताना एकच गोष्ट पाहावी: ठरलेल्या भावाने सोनं द्यायचं बंधन आहे का? शंभराच्या नोटेवरचं वचन वाचा. धारकाला शंभर रुपये देण्याचं वचन आहे, सोन्याचा उल्लेखही नाही.

मग असं बंधन घालावं, असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं हलकं आहे का? मुळीच नाही. 1923 च्या जर्मनीत आणि 2008 च्या झिम्बाब्वेत बेसुमार नोटा काढून सरकारांनी लोकांची आयुष्यभराची बचत मातीमोल केली. आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1923 मध्येच रुपयाच्या प्रश्नावर मांडणी करताना हाच धोका दाखवला होता. सरकारच्या मर्जीने रुपये वाढवता येऊ नयेत, त्यांच्या संख्येला पक्की मर्यादा हवी, कारण भाव चढले की मजुरीवर जगणारा आधी भरडला जातो, हे त्यांचं म्हणणं होतं. सोन्याची बाजू घेणाऱ्यांची कळकळ इथूनच येते आणि ती मला पटते.

अडचण उपायात आहे. आधी भावच ठरवून बघू. हिशेब सोपा व्हावा म्हणून 10 ग्रॅमला एक लाख रुपये धरू. 880 टनांचे होतात 8.8 लाख कोटी. चलनात नोटा आहेत 35 लाख कोटींहून जास्त, आणि बँकांमधल्या ठेवी 200 लाख कोटींच्या वर. म्हणजे नुसत्या नोटांपुरतं वचन पाळायचं तरी एकतर भाव चौपट ठरवायचा, नाहीतर तीन चतुर्थांश नोटा मोडीत काढायच्या. भाव जरा कमी ठरला तर लोक नोटा देऊन सोनं नेतील आणि तिजोरी रिकामी होईल.

समजा, भाव बरोबर ठरला. जगात आजवर काढलेलं सोनं दोन लाख टनांहून थोडं जास्त आहे आणि दरवर्षी खाणींतून त्यात दोन टक्क्यांहूनही कमी भर पडते. देशाचा माल सहा टक्क्यांनी वाढला आणि पैसा दोन टक्क्यांनी, तर ढोबळमानाने मालाचे भाव दरवर्षी चार टक्क्यांनी उतरतील. ऐकायला गोड आहे, पण अण्णांच्या कारखान्यात काय होईल ते बघा. त्यांनी माग घ्यायला दहा लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं, तर हप्ता साधारण 21,250 रुपयांचा. टॉवेल शंभराला जात असेल तर हप्त्यापुरते 213 टॉवेल लागतात. पाच वर्षांनी तोच टॉवेल 82 च्या आत आला, तर लागतील सुमारे 260. सूत स्वस्त होईल हे खरं, पण हप्ता रुपयाने कमी होत नाही आणि कामगाराची मजुरी सहजासहजी उतरत नाही, उतरवूही नये. मग माग बंद पडतात.

यावर उत्तर असं देतात की भाव उतरणार हे माहीत असलं की व्याजही कमी लागेल. पण भाव कधी, किती उतरतील हे आधी माहीत नसतं. 1873 ते 1896 या काळात भाव घसरत गेले आणि कर्जात बुडालेले अमेरिकन शेतकरी सोन्याविरुद्ध उठले. पुढे भाव फिरले ते मुख्यतः दक्षिण आफ्रिकेच्या खाणी आणि सायनाइडने सोनं काढण्याची नवी रीत यांमुळे. कुणाचं कर्ज किती जड होणार हे दूरच्या खडकात किती सोनं निघतं यावर ठरत होतं.

संकटात हे बंधन आणखी घातक ठरतं. सप्टेंबर 1931 मध्ये ब्रिटनने सुवर्ण परिमाण सोडलं. आता डॉलरही सुटेल या भीतीने लोक अमेरिकेतून सोनं काढू लागले. ते थांबवायला तिथल्या मध्यवर्ती बँकेने ऑक्टोबरमध्ये व्याजदर दीड टक्क्यावरून साडेतीन टक्क्यांवर नेला, आणि तोही बँका कोसळत असताना, कारखाने बंद होत असताना. 1933 पर्यंत दर चार कामगारांत जवळपास एक बेकार होता. ज्या देशांनी सोनं आधी सोडलं ते बहुधा आधी सावरले, ही गोष्ट अर्थतज्ज्ञांच्या मनावर कोरली गेली आहे. शिकागो विद्यापीठाने 2012 मध्ये नामवंत अर्थतज्ज्ञांना याबद्दल विचारलं, तर सोन्याकडे परत जाण्याच्या बाजूने एकही नव्हता.

शिवाय ज्या सरकारवर विश्वास नाही म्हणून सोनं हवं, ते वचन शेवटी त्याच सरकारचं असतं. अमेरिकेने 1933 मध्ये लोकांकडचं सोनं जमा करून घेतलं, पुढच्या वर्षी भाव 35 डॉलर केला आणि 15 ऑगस्ट 1971 रोजी परदेशी सरकारांना सोनं देणंही बंद केलं.

अण्णांना लगाम हवा आहे आणि तो रास्त आहे. 2016 पासून रिझर्व्ह बँकेवर महागाई चार टक्क्यांच्या आसपास, फार तर सहापर्यंत ठेवण्याचं कायदेशीर बंधन आहे, आणि सलग तीन तिमाहींत ते चुकलं तर सरकारला लेखी कारणं द्यावी लागतात. 2022 मध्ये तशी वेळ आली, पत्र गेलं, पण सरकारने ते लोकांसमोर ठेवलं नाही. ते पत्र अण्णांना वाचायला मिळायला हवं होतं.